"ट्रायल फ्री असते ना ताई?" – ब्रायडल मेकअपच्या माझ्या पहिल्या सीझनचा हिशोब

आषाढ लागलाय, लग्नं बंद, ब्रश धुवून उन्हात ठेवायचे म्हणलं तर ऊनच नाही, म्हणून आज बसून लिहितेय. गेल्या वर्षी मी पार्लरची नोकरी सोडून स्वतःचं ब्रायडल सुरू केलं तेव्हा मेकअप कसा करायचा हे सांगणारे हजार व्हिडिओ सापडले, पण ट्रायलचे किती घ्यायचे, अॅडव्हान्स कधी मागायचा आणि एका तारखेला दोन नवऱ्या आल्या तर काय करायचं, हे कुणीच धड सांगत नव्हतं. विचारलं की सगळ्या म्हणायच्या "ते तुझं तू ठरव गं". ठरवलं, पण चुकत चुकत. ते कसं कसं झालं तेवढं सांगते.

मी सांगलीची. सहा वर्षं एका पार्लरमधे होते. २०२४ च्या मे-जूनमधे शुक्राचा अस्त होता, पंचांगात मुहूर्तच नव्हते, भर उन्हाळ्यात पार्लर ओस पडलं आणि आमचा पगार निम्मा झाला. तेव्हाच डोक्यात आलं की आपण नवरी तयार करतो, मालकीण बारा हजार घेते आणि आपल्या हातात त्यातले पाचशे पडतात, तर आपणच का नाही करायचं. ऑगस्टमधे भिशी लागली, त्यातून ४८ हजाराचं किट घेतलं, पुढच्या खोलीत आरसा आणि रिंगलाईट लावला आणि व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला टाकलं. पॅकेज ठेवलं ९ हजार, एक लुक, त्यात मेकअप, हेअर आणि साडी नेसवणं.

पहिल्या आठवड्यापासून फोन यायला लागले आणि दर फोनला तिसरं वाक्य ठरलेलं, "ट्रायल फ्री असते ना ताई?" मी म्हणायचे हो. नवीन होते, नाही कसं म्हणणार. ऑगस्ट ते ऑक्टोबर मी ११ ट्रायल फुकट केल्या आणि त्यातल्या चौघींनी बुकिंग केलं. बाकीच्या सातजणींतल्या दोघी खरंच दुसरीकडे गेल्या, तिघींनी फोन उचलायचं बंद केलं, एकीचं लग्नच मोडलं (तिला काय बोलणार). सातवीची गोष्ट सांगायलाच हवी. रविवारी दुपारी तीनला आली, सोबत पैठणीची पिशवी, म्हणली "ताई साडीवर कसं दिसतं ते बघायचंय, नेसवूनच द्या ना". मी नेसवली, आंबाडा घातला, गजरा माझ्याकडचाच लावला. "घरी दाखवते आणि कळवते" म्हणून गेली, आणि रात्री नऊला तिचं स्टेटस बघते तर बाई मैत्रिणीच्या साखरपुड्यात स्टेजवर, माझ्याच गजऱ्यासकट! मिस्टर आधी हसले, मग म्हणले "तुझ्या या फुकट ट्रायलचा खर्च किती होतो ते कधी मोजलंस का?"

नव्हतं मोजलं. मग त्या रात्री कालनिर्णयच्या मागच्या पानावर मोजलं. फाउंडेशनची ३० मिलीची बाटली ३,२०० ची, माझ्या हाताने साधारण २५ चेहरे होतात, म्हणजे चेहऱ्यामागे १३० धरा. प्रायमर, कन्सीलर, पावडर, सेटिंग स्प्रे मिळून दोनशे. आयलॅशेस दीडशे, कारण एकीच्या डोळ्याला लावलेल्या दुसरीला लावायच्या नाहीत, तिथे काटकसर नाही. मस्कराचे आणि लिपस्टिकचे डिस्पोजेबल ब्रश, स्पंज मिळून सत्तर. झाले साडेपाचशे. आता वेळ. मेकअप आणि हेअर अडीच तास, नंतर ब्रश धुणं आवरणं पाऊण तास, म्हणजे सव्वातीन तास आणि तेही रविवारचे, कारण मुली रविवारीच येतात. त्याच वेळात घरी थ्रेडिंग, क्लीनअप, हेअर स्पा केलं असतं तर माझे साडेनऊशे-हजार सुटले असते. म्हणजे एक ट्रायल मला दीड हजाराला पडते. अकरा गुणिले दीड हजार हा गुणाकार मी केला, आणि ते पान फाडून टाकलं.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून ट्रायल १,५००, आणि बुकिंग केलं तर पूर्ण १,५०० बिलातून वजा. हे फोनवर पहिल्यांदा बोलताना माझा आवाज एवढा बारीक झाला होता की समोरच्या मुलीने दोनदा विचारलं "किती?" काही फोन तिथेच बंद झाले, वाईट वाटलं, पण ज्या आल्या त्या ठरवून आलेल्या असायच्या, आई किंवा वहिनी सोबत, साडीचा फोटो, दागिन्यांचा फोटो, सगळं घेऊन. मात्र पूर्ण पैसे वजा करण्यात एक गडबड होती ती मला दोन महिन्यांनी कळली. जी बुक करते तिला ट्रायल शेवटी फुकटच पडतेय की, आणि साडेपाचशेचा माल मीच घालतेय. मग जानेवारीपासून ट्रायल २,००० केली आणि चार दिवसांत अॅडव्हान्स आला तर त्यातले १,००० बिलातून वजा, उरलेले हजार माझे. चार दिवस यासाठी की "विचार करून सांगते" याला कुठेतरी शेवट पाहिजे. त्यानंतर सीझनभरात नऊ पेड ट्रायल झाल्या आणि सात बुक झाल्या.

ट्रायल घेताना आता मी एक करते, नवीन मुलींनी जरूर करून बघा. दोन डोळ्यांना दोन वेगळे लुक. डावीकडे साधा ब्राऊन आणि बारीक काजळ, उजवीकडे थोडा गोल्डन शिमर आणि विंग. मुलीला तुलना समोरासमोर दिसते, "अजून एक लुक करून दाखवा ना" हे थांबतं, आणि तसे डोळे घेऊन कुणी साखरपुड्याला जात नाही! साडी नेसवत नाही, ओढणी खांद्यावर टाकून रंग बघतो तेवढंच. बेस लावला की अर्धा तास थांबायचं, कारण काही फाउंडेशन तेवढ्या वेळात एक शेड गडद होतात आणि लावल्या लावल्या फोटो काढला तर ते कळतच नाही. मग एक फोटो खिडकीपाशी आणि एक फ्लॅश मारून, कारण काही पावडरी आरशात झकास दिसतात आणि फ्लॅशमधे कपाळ नि डोळ्यांखाली पांढरे पट्टे येतात. ट्रायलच्या आदल्या दिवशी ब्लीच किंवा फेशियल करून येऊ नका हे आधीच सांगते. आणि घरी गेल्यावर चेहरा लगेच धुऊ नको, रात्री आठला एक फोटो पाठव, म्हणजे तेल कुठे सुटतं ते कळतं. हे सगळं एका कार्डावर लिहून ठेवते, कुठल्या दोन शेड किती प्रमाणात मिसळल्या, नथ चापाची का टोचलेली, टिकली चंद्रकोर का गोल. लग्नाच्या पहाटे पाचला हे कार्ड नसेल तर तो अडीच तासांचा उद्योग वाया गेला समजा.

पण ट्रायलवर सगळं ठरत नाही हेही मुलींना सांगावं लागतं, नाहीतर भांडण होतं. डिसेंबरमधे झालं. ट्रायल एकदम मस्त झालेली, मुलगी खूश, आई खूश. लग्नाच्या सकाळी कार्डावरची शेड लावली तर चेहरा राखाडी, आजारी दिसायला लागला. मला घाम फुटला. दोन मिनिटं काही सुचेना, मग तिच्या कानामागे बघितलं आणि कळलं, हळद! आदल्या दिवशी आत्या-मावश्यांनी तेलात कालवून अशी चोळली होती की गाल, मान सगळं पिवळं, आणि त्या पिवळ्यावर माझी गुलाबी अंगाची शेड बसत नव्हती. सगळं पुसून पिवळ्या झाकेची शेड घेऊन परत केलं, पस्तीस मिनिटं त्यात गेली आणि भटजी दारात येऊन गेले दोनदा. तेव्हापासून मेसेजमधेच टाकते की तोंडाला हळद बोटाने टिळा लावल्यासारखी, चोळायची नाही, आणि किटमधे दोन झाकांच्या शेड ठेवते.

त्याच लग्नात पैशाचा पण धडा मिळाला. तेव्हा मी टोकन म्हणून हजार रुपये घ्यायचे आणि उरलेले लग्नादिवशी. पण लग्नादिवशी म्हणजे नक्की कधी? मेकअप झाला तेव्हा नवरीच्या वडिलांना शोधलं तर ते व्याह्यांना आणायला गेलेले. अक्षता पडल्या की देतो म्हणले. अक्षता पडल्या, मग ते पंगतीत आग्रह करत होते, हातात जिलबीचं ताट, त्यांना तिथे आठ हजार कुठल्या तोंडाने मागायचे? त्यांनी मामांकडे बोट दाखवलं, मामा म्हणले मला माहितच नाही एवढा आकडा, थोडं कमी करा की. मी आणि माझी हेल्पर (मावसबहीण आहे माझी, दिवसाचे पंधराशे देते) कार्यालयाच्या पायरीवर किटच्या ट्रॉलीवर बसून साडेचार वाजेपर्यंत थांबलो. शेवटी पाठवणीच्या वेळी मुलगी रडत असताना तिच्या भावाने मागून येऊन पाकीट हातात दिलं, त्यात साडेसात हजार. पाचशेसाठी त्या रडारडीत काय बोलणार, निघून आले. लोक वाईट नव्हते हो, गडबडीत होते. चूक माझीच, मी अशा वेळी पैसे मागत होते जेव्हा त्या घरात कुणाकडेच खिशात हात घालायला सवड नव्हती.

पौषात कामं कमी असतात, त्या वीस-पंचवीस दिवसांत बसून नीट ठरवलं. तोवर पॅकेज १२ हजार केलं होतं. त्याचे तीन भाग. तारीख धरायला ४ हजार. लग्नाच्या आठ दिवस आधी ६ हजार. आणि उरलेले २ हजार लग्नाच्या सकाळी, मी ब्रश हातात घेण्याआधी. शेवटचा आकडा मुद्दाम लहान ठेवलाय, दोन हजार कुणीही, काकू मावशी भाऊ कुणीही लगेच फोनवरून पाठवू शकतं आणि समजा राहिलेच तरी माझं फार बुडत नाही. ट्रायलचे जे हजार वजा करायचे ते मधल्या हप्त्यातून करते, म्हणजे तिथे पाचच हजार येतात. आणि पैसे कोण देणार त्या एका माणसाचं नाव आणि नंबर बुकिंगलाच लिहून घेते, नवरी सोडून दुसरं कुणीतरी. अजून एक, पेमेंटचा स्क्रीनशॉट आला म्हणजे पैसे आले असं नाही. बँकेच्या मेसेजशिवाय किंवा खात्यात बघितल्याशिवाय "मिळाले" असं लिहायचं नाही. एकदा मी लिहिलं होतं आणि ते पेमेंट पेंडिंग होऊन परत गेलेलं, मग दोघींनाही ओशाळल्यासारखं झालं.

अॅडव्हान्स परत द्यायचा का, यावर मी सगळ्यात जास्त अडले. जानेवारीतच एका मुलीच्या आजी गेल्या, लग्नाला नऊ दिवस असताना. सुतक, लग्न पुढे. मुलीचा भाऊ अवघडत फोनवर म्हणला "ताई ते चार हजार..." मी त्या तारखेला दोन फोन नाकारले होते आणि आता नऊ दिवसांत नवीन नवरी कुठून मिळणार, पण आजी गेल्यात आणि मी नियम सांगू का? त्या क्षणी परत करते म्हणले आणि केले. नंतर माझा चुलतभाऊ वकील आहे, त्याला विचारलं की नॉन-रिफंडेबल असं लिहिलं की झालं ना? तो म्हणला नुसतं लिहून होत नाही, आपल्याकडे १८७२ चा करार कायदा आहे, त्यातल्या कलम ७४ प्रमाणे करार मोडला तर वाजवी भरपाई मिळते, लिहिलेला आकडा जास्तीत जास्त मर्यादा असते, तेव्हा तू एवढी रक्कम का ठेवून घेतेस त्याचं कारण लिहीत जा आणि आकडा पटेल असा ठेव. पूर्ण पॅकेजचे पैसे आधी घेऊन लग्न मोडल्यावर एक रुपया देणार नाही असं म्हणशील तर ते टिकणं अवघड. हे ऐकून बरं वाटलं खरं तर, कारण माझ्याही मनाला तेच पटत होतं.

मग मेसेज बनवला. असाच्या असा देते, हवा तर उचला: "तारीख धरण्यासाठी ४,००० रुपये. ही रक्कम त्या दिवशी मी दुसरं काम घेत नाही त्याबद्दल आहे. लग्न रद्द झाल्यास, ३० दिवसांपेक्षा जास्त आधी कळवलं तर निम्मी परत, त्यानंतर परत नाही. घरात दुःखद घटना किंवा आजारपण असेल तर रक्कम नवीन तारखेला एकदा वळती करता येईल, ती तारीख माझ्याकडे मोकळी असेल तर. माझ्याकडून रद्द झालं तर सगळी रक्कम परत आणि दुसरी आर्टिस्ट शोधून द्यायची जबाबदारी माझी. कृपया वाचून 'मान्य' असं लिहून पाठवा." ते 'मान्य' महत्त्वाचं. निळ्या टिकेला काही अर्थ नाही, घरात कुणीही फोन उघडतं. आणि शेवटून दुसरं वाक्य, माझ्यावर बंधन घालणारं, ते लिहिल्यापासून मेसेजवरून कटकट जवळजवळ थांबली. आधी मी फक्त त्यांनी काय करायचं तेच लिहायचे.

आता तारखांचं. हे मी शेवटी ठेवलं कारण यात माझी पार शोभा झाली.

३० एप्रिल २०२५, अक्षय्य तृतीया, साडेतीन मुहूर्तातली, लग्नांची झुंबड. जानेवारीच्या सुरुवातीलाच सांगलीतल्या एका काकूंचा फोन, "आमची तारीख पक्की आहे, तुम्हालाच धरलंय बरं का, ट्रायलला नंतर येतो". पैसे नाहीत, पण मी डायरीत पेनने नाव लिहिलं. नंतर दीड महिना काही नाही. मी दोनदा मेसेज केला, उत्तर "हो हो". फेब्रुवारीच्या शेवटी कोल्हापूरहून दुसरा फोन, तीच तारीख, ट्रायलचे आणि बुकिंगचे सगळे पैसे आत्ता पाठवते म्हणली. मी पहिल्या काकूंना फोन केला, लागला नाही, संध्याकाळपर्यंत वाट बघितली आणि कोल्हापूरचे पैसे घेतले. आणि तीनच दिवसांनी काकू स्वतः घरी हजर, हातात लाडवाचा डबा आणि पत्रिकेचा नमुना. "तुमच्या भरवशावर आम्ही दुसरीकडे विचारलंच नाही हो."

नाही म्हणता आलं नाही. मग मी तो मूर्खपणा केला जो बहुतेक सगळ्या जणी एकदा करतात, वेळापत्रक मांडलं. काकूंचा मुहूर्त सकाळी ११:१०, कोल्हापूरचा गोरज, संध्याकाळी पावणेसातचा. सकाळी सातला सांगलीत सुरू, दहाला नवरी तयार, लग्न लागलं की साडेबाराला शालू बदलून रिसेप्शनचा लुक, एकला निघायचं, पन्नासेक किलोमीटर, अडीचला कोल्हापूर, तीनला सुरू. कागदावर इतकं सुंदर बसत होतं की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. दोघींकडूनही पैसे घेतले.

त्या दिवशी मुलाकडची वरात निघायलाच उशीर, कार्यालयाच्या दारात बँजोसमोर मुलं नाचतायत, कुणी हलेना. ११:१० च्या अक्षता बारा वाजून पाच मिनिटांनी पडल्या. मग सप्तपदी, मग फोटोग्राफरचे फोटो, नवरी माझ्या हातात आली सव्वाला. केस उतरवून परत घालायचे होते. मी सांगलीतून निघाले तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती, अंकलीच्या पुलाअलीकडे गाड्यांची रांग, प्रत्येक दुसरी गाडी लग्नाचीच, हारवाली. हातकणंगल्यापर्यंत मी फोनवर तीन वेळा खोटं बोलले की पोचतेच आहे. ट्रॉली गाडीत आडवी झाली आणि सेटिंग स्प्रेचं झाकण निघून सगळं गळालं. कोल्हापुरात पोचले चार वाजून पाच मिनिटांनी. मावसबहिणीला सकाळीच एसटीने पुढे पाठवलं होतं, तिने चेहरा धुऊन प्रायमर लावून केस सेट करून ठेवलेले, ती होती म्हणून निभावलं. पण गौरीहराच्या पूजेला नवरी बसवायची वेळ झाली तेव्हा तिचा एकच डोळा झाला होता. त्यांनी तशीच बसवली, भटजी थांबेनात. परत येऊन दुसरा डोळा केला, मुंडावळ्या बांधल्या, मुहूर्ताला पाच मिनिटं असताना बाहेर गेली. चांगली दिसत होती. पण गौरीहराचे फोटो, आई-मुलीचे, ते आयुष्यात परत निघणार नाहीत. तिची आई मला एक शब्द बोलली नाही, फक्त चहा विचारला. मी रात्री स्वतःहून २ हजार परत पाठवले, त्यांनी घेतले, आणि "थँक्यू ताई" असं उत्तर आलं. मला ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मे महिन्यात डायरीची पद्धत बदलली. नुसता फोन आला तर पेन्सिलने नाव, आणि त्याच वेळी सांगायचं की ४८ तास नाव राहील, मग खोडलं जाईल. पैसे खात्यात आले की लाल पेन. पेन्सिलवाली असताना दुसरी आली तर पहिलीला एकच मेसेज, "या तारखेला दुसरी विचारणा आहे, उद्या संध्याकाळी ६ पर्यंत तुमचं नाव आहे," आणि सहाला उत्तर नसेल तर खोडायचं, लाडू आणले तरी. गंमत म्हणजे असा मेसेज गेला की बहुतेकींचे पैसे तासाभरात येतात.

आणि फोनवर तारखेबरोबर अजून तीन गोष्टी विचारते, मुहूर्त किती वाजता, कार्यालय कुठलं, लुक किती. नुसत्या तारखेने काही कळत नाही, कारण हळद, सीमांतपूजन, लग्न, रिसेप्शन यात दोन दिवस जातात, आणि "लग्न ३० ला" म्हणणारीला २९ च्या संध्याकाळी सीमांतपूजनाचा मेकअप पण हवा असतो हे ती शेवटच्या आठवड्यात सांगते. एका दिवशी दोन नवऱ्या घ्यायच्याच तर गाव एकच पाहिजे, पहिलीचा एकच लुक पाहिजे, आणि पहिलीच्या मुहूर्तापासून दुसरीच्या सुरुवातीपर्यंत कमीत कमी चार तास पाहिजेत. मुहूर्तापासून मोजायचे, मेकअप संपला तेव्हापासून नाही, कारण पदर सुटला, घामाने टिकली पडली, म्हणून अक्षता पडेपर्यंत तुम्ही तिथून हलू शकत नाही. यात बसत नसेल तर मिरजेच्या एका मैत्रिणीचा नंबर देते, ती मला तिच्याकडच्या पाठवते. कमिशन ठेवलं नाही, सीझनअखेर दोघींच्या तीन-तीन झाल्या.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गुरूचा अस्त सुरू झाला आणि लग्नं थांबली, तोवर एकूण १९ नवऱ्या झाल्या. पुढच्या वर्षीच्या तारखा आत्ताच बघून ठेवल्यात आणि तुम्हीपण बघा, कारण २०२६ ला १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, आपल्याकडे अधिकात लग्न करत नाहीत, म्हणजे मे अर्धाच आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतली सगळी गर्दी एप्रिल आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात येणार. त्यात अक्षय्य तृतीया १९ एप्रिल, रविवार.

त्या १९ तारखेसाठी परवा एकीचा फोन आला, अजून साखरपुडा पण व्हायचाय. पेन्सिलने नाव लिहिलंय. काल रात्री दुसऱ्या एका मुलीची आई, इस्लामपूरहून, तीच तारीख, तिचं पहिलं वाक्य, "ट्रायल फ्री असते ना?" मी म्हणलं नाही काकू, दोन हजार. त्या म्हणल्या बरं, मुलीला विचारून सांगते. पहिलीचे ४८ तास आज संध्याकाळी सहाला संपतायत, आत्ता पावणेपाच झालेत, आणि खोडरबर सापडत नाहीये.